केळ्यातला डीएनए: गुणोत्तर जमत नाही आणि यील्ड भलतंच येतं, तेव्हा काय तपासायचं

बीएस्सीच्या प्रॅक्टिकलमध्ये केळ्यातून डीएनए काढणं सोपं आहे. भांडी घासायचं लिक्विड, मीठ, गाळणं आणि बर्फात ठेवलेलं अल्कोहोल एवढ्यावर काम भागतं. अडतं ते पुढे, स्पेक्ट्रोफोटोमीटरवर शोषण मोजून रिपोर्ट लिहिताना. वर्षानुवर्षं जर्नल तपासताना मला त्याच चार-पाच चुका दिसतात, आणि त्यातल्या बहुतेक केळ्यात नसून वहीत असतात. म्हणून आधी वही तपासायची, मग क्युव्हेट, मग नमुना, आणि शेवटी मशीन.

लक्षणं

यातलं एक जरी दिसलं तरी पुढे वाचा:

- २६०/२८० गुणोत्तर १.८ च्या बरंच खाली, म्हणजे १.५-१.६ च्या घरात अडकलंय.
- २६०/२३० गुणोत्तर १ च्याही खाली आहे.
- यील्ड मिलिग्रॅममध्ये येतंय, किंवा एका ग्रॅम केळ्यामागे शेकडो मायक्रोग्रॅम.
- त्याच ट्यूबमधून तीनदा रीडिंग घेतलं आणि तिन्ही वेगळी आली.
- २६०/२८० बरोब्बर १.८० आलंय आणि सगळा ग्रुप खूश आहे. हेसुद्धा लक्षणच आहे. का ते पुढे येईल.

नमुन्याचे आकडे

जर्नलमध्ये नेहमी दिसतात तसे आकडे घेऊ. १० ग्रॅम केळं कुस्करून, लिक्विड-मिठाच्या पाण्यात कालवून गाळलं आणि २० मिली गाळलेला द्रव मिळाला. त्यातल्या ५ मिलीवर १० मिली थंड अल्कोहोल सोडलं. वर आलेला पांढरा गुंता काचकांडीवर गुंडाळून ५०० मायक्रोलिटर टीई बफरमध्ये सोडला. क्युव्हेटसाठी त्यातले ५० मायक्रोलिटर घेऊन टीईनेच १ मिली केले, म्हणजे २० पट पातळ. रीडिंग असं आलं:

```
A230 = 0.710
A260 = 0.412
A280 = 0.268
A320 = 0.062
```

यावर जर्नलमध्ये हमखास येणारं वाक्य: "२६०/२८० गुणोत्तर १.५४ आले, म्हणून नमुन्यात प्रोटीनचे प्रदूषण आहे. यील्ड २०६ मायक्रोग्रॅम." या एका ओळीत तीन गोष्टी चुकल्या आहेत.

पहिली तपासणी: वही आणि कॅल्क्युलेटर

फुकट आहे, आणि निम्मी प्रकरणं इथेच मिटतात.

दुपदरी डीएनएचं २६० नॅनोमीटरला, एक सेंटिमीटर वाटेत रीडिंग १.० आलं तर ते साधारण ५० मायक्रोग्रॅम प्रति मिली धरतात. आरएनएसाठी हाच गुणक ४० आहे. त्याला पातळ करण्याच्या पटीने गुणायचं, मग ट्यूबमध्ये एकूण किती मिली होतं त्याने गुणायचं. इथवर बहुतेकांचं बरोबर असतं. पुढची पायरी मात्र गळते: ट्यूबमधला डीएनए किती ग्रॅम फळातून आला? वरच्या उदाहरणात केळं १० ग्रॅम असलं तरी वापरला तो पाव द्रव, म्हणजे अडीच ग्रॅम केळ्याचा. फडक्यात अडकलेला चोथा सोडून देतोय, हे रिपोर्टमध्ये एका ओळीत लिहायचं. १० ने भागलं तर यील्ड चौपट कमी दिसेल.

एका थेंबावर रीडिंग घेणारं यंत्र वापरलं असेल, तर पडद्यावर दिसणारा आकडा बहुधा आधीच एक सेंटिमीटर वाटेला बदललेला असतो. त्याला पुन्हा दहाने गुणायचं नाही. आणि मशीन डीएनए मोडवर होतं की आरएनए, तेही बघून घ्या, कारण गुणक तिथेच ठरतो.

दुसरी तपासणी: ३२० चं रीडिंग वजा केलंय का?

हीसुद्धा फुकट आहे, कारण आकडा वहीत असतोच, फक्त वापरलेला नसतो. शुद्ध डीएनए ३२० नॅनोमीटरला काहीच शोषत नाही. तिथे ०.०६२ दिसतंय म्हणजे क्युव्हेटमधल्या बारीक कणांमुळे उजेड विखुरतोय. तो प्रकाश डिटेक्टरपर्यंत पोचत नाही आणि मशीन त्यालाच शोषण समजतं. म्हणून ३२० चा आकडा प्रत्येक रीडिंगमधून वजा करायचा:

```
A260 - A320 = 0.350
A280 - A320 = 0.206
A230 - A320 = 0.648

260/280 = 0.350 / 0.206 = 1.70
260/230 = 0.350 / 0.648 = 0.54

0.350 x 50 x 20 = 350 µg/mL
350 x 0.5 mL    = 175 µg
175 / 2.5 g     = 70 µg/g
```

१.५४ चं १.७० झालं ते नमुन्याला हातही न लावता. चर्चेत लिहिलेलं "प्रोटीन" त्यातलं बरंचसं गढूळपणाच होतं.

ही वजाबाकी म्हणजे ठिगळ आहे हे मात्र विसरू नका. बारीक कणांमुळे होणारं विखुरणं लहान तरंगलांबीला वाढत जातं, त्यामुळे २३० ला खरी चूक ०.०६२ पेक्षा जास्तच असणार. शिवाय केळं काळं पडलं असेल तर त्यातली तपकिरी फिनॉलिक द्रव्यंही ३२० ला थोडी शोषतात. माझा अंदाजपंचे नियम असा की ३२० चा आकडा २६० च्या दहाव्या हिश्शाहून जास्त असेल, तर वजाबाकीवर भागवायचं नाही, नमुना सेंट्रिफ्यूज करून वरचं स्वच्छ द्रावण घेऊन पुन्हा रीडिंग घ्यायचं. आपल्या उदाहरणात हा हिस्सा १५ टक्के आहे.

तिसरी तपासणी: ब्लँक, क्युव्हेट आणि पट्टा

इथे उठून मशीनपर्यंत जावं लागतं. ब्लँक कशाचा लावला होता? डीएनए टीईमध्ये विरघळवला आणि ब्लँक डिस्टिल्ड वॉटरचा लावला, तर टीईतला ईडीटीए २३० जवळ जे शोषतो ते नमुन्याच्या खात्यात जमा होतं. ज्याच्यात डीएनए आहे तेच, त्याच बाटलीतलं, ब्लँकला हवं.

क्युव्हेट क्वार्ट्झचा होता ना? साधी काच आणि नेहमीचं पारदर्शक प्लास्टिक २६० च्या आसपासचा प्रकाश जवळजवळ अडवूनच धरतात. ज्युनिअर कॉलेजातला कलरीमीटर तर या पट्ट्यात चालतच नाही, त्याच्यावर डीएनएची शुद्धता मोजल्याचा रिपोर्ट आला तर मी पुढे वाचत नाही.

तीन रीडिंग तीन तऱ्हेची येत असतील तर क्युव्हेट उजेडात धरून बघा. कांडीवर गुंडाळलेला गुंता टीईमध्ये पटकन विरघळत नाही. भिजलेल्या साबुदाण्यासारखे पारदर्शक गोळे तळाशी फिरत असतात, मध्येच एखादा प्रकाशाच्या वाटेत येतो आणि आकडा उडतो. त्यांच्यात सूक्ष्म बुडबुडेही अडकलेले असतात. ट्यूब ५५ ते ६० अंशांच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवा, हलकेच उलटसुलट करा, मग न विरघळलेलं सेंट्रिफ्यूजने खाली बसवा.

आणि रीडिंग साधारण ०.१ ते १.० मध्ये हवं. ०.०३ भागिले ०.०२ करून आलेल्या १.५ ला काही अर्थ नाही, शेवटचा आकडा एकाने हलला तरी गुणोत्तर कुठच्या कुठे जातं.

चौथी तपासणी: डीएनए कशात विरघळवला?

अनेक ग्रुप टीई संपलं म्हणून डिस्टिल्ड वॉटर घेतात. उघड्या बाटलीतलं डिस्टिल्ड वॉटर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून ६ च्या खाली पीएचवर येतं, आणि त्याला बफरचा आधार नसतो. आम्लधर्मी पाण्यात तोच डीएनए ०.२ ते ०.३ ने कमी २६०/२८० दाखवतो. म्हणजे चांगला १.८ चा नमुना फक्त पाण्यामुळे १.६ दिसू शकतो. ८.० पीएचच्या टीईमध्ये पुन्हा पातळ करून वाचा, खर्च काही मायक्रोलिटरचा आहे. आणि कशात विरघळवलं ते कृतीत लिहाच. ते लिहिलेलं नसेल तर तुमचं गुणोत्तर दुसऱ्या कोणाला वाचता येत नाही.

"प्रोटीनचं प्रदूषण" लिहिण्याआधी

इथे जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त लाल शाई इथे जाते.

२६०/२८० कमी म्हणजे प्रोटीन, हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं. पण प्रोटीन २८० ला डीएनएच्या मानाने फारच कमी शोषतं. हिशोब करून बघा. ५० मायक्रोग्रॅम प्रति मिली डीएनए २६० ला १.०० आणि २८० ला साधारण ०.५५ देतो. त्यात तेवढ्याच वजनाचं, ५० मायक्रोग्रॅम बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन घाला. ते २८० ला जेमतेम ०.०३३ आणि २६० ला ०.०१९ ची भर घालतं. गुणोत्तर १.८२ वरून १.७५ वर येतं, बस. निम्मं वजन प्रोटीनचं असूनही नमुना "जवळजवळ शुद्ध" दिसतो. उलट, गुणोत्तर १.५४ पर्यंत पाडायला डीएनएच्या जवळपास पाचपट प्रोटीन लागेल.

म्हणून १.५४ दिसलं की प्रोटीनवर आळ घेण्याआधी गढूळपणा, पीएच आणि फिनॉलिक्स हे तिघे तपासायचे. आणि १.८० दिसलं म्हणून प्रोटीन नाही असं लिहायचं नाही.

१.८० चा दुसरा फसवा भाग म्हणजे आरएनए. शुद्ध आरएनएचं गुणोत्तर २.० च्या आसपास असतं. या घरगुती पद्धतीत आरएनए काढून टाकणारी एकही पायरी नाही, थंड अल्कोहोलमध्ये तोही डीएनएबरोबर खाली बसतो. आरएनए गुणोत्तर वर ओढतो, प्रोटीन आणि फिनॉलिक्स खाली ओढतात, आणि ओढाताणीत आकडा १.८ वर येऊन उभा राहतो.

पाचवी तपासणी: हे यील्ड केळ्यात मावतं का?

पेन आणि पाच मिनिटं लागतात, पण ही तपासणी जवळपास कुणीच करत नाही. आपल्या जळगावच्या बागांत दिसणारं ग्रँड नैन कॅव्हेंडिश गटातलं आहे, म्हणजे त्रिगुणित. (स्ट्रॉबेरीच्या रिपोर्टातून उचललेलं "हे फळ अष्टगुणित असल्याने" हे वाक्य केळ्याच्या जर्नलमध्ये दर वर्षी सापडतं.) २०१२ साली प्रसिद्ध झालेला केळ्याचा जनुकसंच साधारण ५२३ दशलक्ष बेसजोड्यांचा आहे. त्याची तिप्पट म्हणजे एका पेशीकेंद्रात सुमारे १.६ पिकोग्रॅम डीएनए.

गराची पेशी शंभर मायक्रोमीटर रुंद धरली, तर एका ग्रॅममध्ये फार तर वीस लाख पेशी बसतात. गुणाकार केला की येतात ३ मायक्रोग्रॅमच्या आसपास. पेशी लहान असतील, काही केंद्रकांत डीएनएच्या जास्त प्रती असतील, हरितलवक-तंतुकणिकांतलाही थोडा येईल. चार-पाच पट सूट देऊ. तरी एका ग्रॅममागे १५ च्या वर जाणं कठीण.

आणि आपल्याला आलेत ७०. म्हणजे २६० ला जे शोषलं गेलं त्यातला मोठा वाटा डीएनए नाही. कांडीवर गुंडाळलेला तो भरघोस पांढरा गुंताही बराचसा पेक्टिन असतो, पिकलेल्या केळ्यात विरघळलेलं पेक्टिन भरपूर असतं आणि अल्कोहोलमध्ये तेही गोठून वर येतं. त्याचं वजन करून "डीएनएचं यील्ड ४० मिलिग्रॅम" लिहिणारे ग्रुप असतात, म्हणून सांगतोय.

सहावी तपासणी: ७० टक्के अल्कोहोलने धुणं

आता थोडा खर्च आणि एक तास. २६०/२३० जर ०.५४ असेल, तर संशय लिक्विड, मीठ-बफर, पेक्टिन आणि फिनॉलिक्स यांच्यावर जातो. भांडी घासायच्या बऱ्याच लिक्विडमध्ये लिनिअर अल्किलबेन्झिन सल्फोनेट असतं. त्यात बेन्झिनचं कडं आहे, त्याचं शोषणशिखर २२३-२२५ नॅनोमीटरजवळ येतं आणि त्याची उतरंड २३० वर पसरते. एसडीएसमध्ये हे कडं नाही. म्हणून लॅबमध्ये एसडीएस असेल तर पुढच्या वेळी तेच घ्या. आपल्या लिक्विडचा संशय असेल तर ते टीईमध्ये अगदी पातळ करून २२० ते ३२० चा स्कॅन काढा, दहा मिनिटांत कळतं.

धुण्याची रीत अशी: नमुना सेंट्रिफ्यूज करून गाळ टाकून द्या, वरच्या द्रावणात थोडं सोडियम ॲसिटेट आणि अडीच पट थंड अल्कोहोल घालून पुन्हा साका बसवा. साक्यावर ७० टक्के अल्कोहोल घालून ट्यूब हलवा, पुन्हा सेंट्रिफ्यूज, अल्कोहोल ओता. ७० टक्केच का, तर त्यातल्या पाण्यात मीठ आणि डिटर्जंट विरघळून जातात पण डीएनए साक्यातच राहतो. शुद्ध अल्कोहोलने धुतलं तर मीठ तिथेच बसून राहील. साका अल्कोहोलचा वास जाईपर्यंत सुकवा, कडक होईपर्यंत नको, मग ५०० मायक्रोलिटर टीई.

आपल्याच नमुन्याचं यानंतरचं, १० पट पातळ केलेलं रीडिंग असं धरू:

```
A230 = 0.150   A260 = 0.186
A280 = 0.103   A320 = 0.006

260/280 = 0.180 / 0.097 = 1.86
260/230 = 0.180 / 0.144 = 1.25
0.180 x 50 x 10 x 0.5 / 2.5 = 18 µg/g
```

यील्ड ७० वरून १८ वर आलं की विद्यार्थी घाबरतात. थोडा डीएनए धुण्यात गेला असेलही, पण घट मुख्यतः नको असलेल्या मालाची आहे. वरच्या अंदाजाच्या मानाने १८ अजूनही जास्त आहे आणि गुणोत्तर १.८ च्या वर सरकलंय, दोन्ही खुणा उरलेल्या आरएनएकडे बोट दाखवतात.

जमलं तर पूर्ण स्कॅन जर्नलमध्ये चिकटवा. २६० ला उंचवटा आणि २३० ला खळगा दिसला तर न्यूक्लिक ॲसिड आहे. २२० पासून ३२० पर्यंत रेघ नुसतीच घसरत गेली असेल तर गुणोत्तर कितीही गोड आलं तरी त्यावर चर्चा लिहू नका.

सातवी तपासणी: आरएनेज आणि जेल

सर्वांत महाग, आणि बीएस्सीच्या रिपोर्टाला बहुधा नको. ३७ अंशांवर अर्धा तास आरएनेज ए दिलं की आरएनए तुटतो, पण त्याचे तुकडे २६० ला शोषत राहतात, उलट थोडे जास्तच. त्यामुळे आरएनेजनंतर लगेच रीडिंग घेऊन "फरक पडला नाही" लिहिणं चूक आहे. पुन्हा साका बसवून, धुऊन मगच वाचायचं. ०.८ ते १ टक्का अगरोज जेलवर विहिरीजवळचा पट्टा डीएनएचा, खाली पसरलेला धूर आरएनएचा आणि तुटलेल्या डीएनएचा.

रिपोर्टमध्ये हे असं लिहा

यील्डच्या जागी: "२६० नॅनोमीटरच्या शोषणावरून काढलेले डीएनए-समतुल्य यील्ड १८ मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम गर (३२० वजा करून, ८.० पीएचच्या टीईमध्ये). पद्धतीत आरएनए काढलेला नसल्याने ही कमाल मर्यादा समजावी." शुद्धतेच्या जागी: "२६०/२८० गुणोत्तर १.८६ असले तरी त्यावरून प्रोटीन नाही असे म्हणता येत नाही. २६०/२३० गुणोत्तर १.२५ असल्याने कार्बोदके, फिनॉलिक्स किंवा डिटर्जंट शिल्लक असण्याची शक्यता आहे." धुण्याआधीचं आणि नंतरचं अशी दोन्ही रीडिंग द्या. फक्त चांगलं दिसणारं दिलंत तर मार्क कापतो.

कुठे थांबायचं

टीईचा ब्लँक लावून त्याच क्युव्हेटमध्ये तेच टीई पुन्हा वाचा. आकडा शून्याजवळ राहत नसेल, सरकत असेल, किंवा अतिनील पट्ट्यात सगळंच उड्या मारत असेल, तर ड्युटेरियम दिवा संपत आलाय. झाकण उघडून बघू नका, अतिनील प्रकाश डोळ्यांना इजा करतो आणि आत हाय व्होल्टेज असतं. लॅब असिस्टंटला सांगा, ते सर्व्हिस इंजिनिअरला बोलावतील. त्या दिवसाची रीडिंग जर्नलमध्ये तशी नोंद करून सोडून द्या.

प्रोटीन काढण्यासाठी फिनॉल-क्लोरोफॉर्म वापरायची हौस असेल तर ती फ्यूम हुडमध्ये, सरांच्या किंवा मॅडमच्या देखरेखीखालीच. फिनॉलने कातडी भाजते आणि सुरुवातीला दुखतही नाही. जेलला एथिडियम ब्रोमाइड असेल तर तेही तुम्ही एकट्याने हाताळायचं नाही.

आणि नमुना पुढे पीसीआर किंवा सिक्वेन्सिंगला जाणार असेल, तर शोषणावर विसंबू नका. दुपदरी डीएनएलाच चिकटणारा रंग वापरणारा फ्लुओरोमीटर ज्या लॅबमध्ये आहे तिथे पाच-दहा मायक्रोलिटर द्या. तिथला आकडा तुमच्या १८ च्या बराच खाली येईल. जर्नलमध्ये तो वेगळ्या रकान्यात लिहायचा, जुना खोडायचा नाही.